पीई पाचचा शेअर आणि मामांची मोसंबी

माझं अंबडला सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे. जालन्याच्या मिलमधून सळई उचलायची आणि इकडे घरं बांधणाऱ्यांना विकायची, असा वीस वर्षांचा धंदा. म्हणून २०१८ साली पोलादाशी संबंधित एका कंपनीचा शेअर घेतला, तेव्हा यातलं आपल्याला कळतं असं मला खरंच वाटत होतं. पुढे काय झालं ते तारखांसकट लिहितोय. त्या वेळी मराठीत कुठेही वाचलं, तरी 'कमी पीई म्हणजे स्वस्त शेअर' याच्या पुढे कुणी जात नव्हतं. पीई म्हणजे शेअरचा भाव त्याच्या वर्षाच्या नफ्याच्या किती पट आहे, तो आकडा. कंपनीचं नाव मुद्दाम टाळलंय. तिने काही लपवलं नव्हतं, वाचण्यात मी कमी पडलो. आकडे सोयीसाठी पूर्णांकात केलेत.

जून २०१८ मध्ये डीमॅट खातं उघडलं. अर्ज ऑनलाइन झाला, पण मुखत्यारपत्राचा कागद छापून, सही करून कुरिअरने पाठवावा लागला. पहिल्या वेळी एका पानावरची सही राहिली म्हणून तो परत आला. खातं चालू व्हायला बारा दिवस लागले. (पाठवण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कोणती सही राहिली हे फोनवर सांगताना उपयोगी पडतो.)

त्या दिवसांत सगळीकडे ग्राफाइट इलेक्ट्रोडची चर्चा होती. भंगार वितळवून पोलाद करायच्या दोन तऱ्हा आहेत. एक आमच्या जालन्याची, इंडक्शन भट्टी. तिच्यात तांब्याच्या वेटोळ्यातून वीज फिरते आणि भंगार आतल्या आत तापतं. दुसरी आर्क भट्टी. तिच्यात वरून माणसाच्या उंचीपेक्षा मोठे ग्राफाइटचे दांडे सोडतात, त्यांच्या टोकाला ठिणगीचा लोळ उठतो आणि त्या उष्णतेने भंगार वितळतं. हे दांडे म्हणजे इलेक्ट्रोड. ते जळत, झिजत जातात आणि सतत नवे जोडावे लागतात. एक टन पोलादामागे साधारण दोन किलो इलेक्ट्रोड संपतं.

चीनने २०१७ च्या जूनअखेरपर्यंत आपल्याकडच्या इंडक्शन भट्ट्या बंद पाडल्या. त्यांतून निघणारं पोलाद निकृष्ट असतं, हे कारण. ते उत्पादन आर्क भट्ट्यांकडे वळू लागलं. त्याआधीची काही वर्षं मंदीची होती आणि जगभरात इलेक्ट्रोडचे बरेच कारखाने बंद झालेले होते. इलेक्ट्रोडसाठी लागणारा नीडल कोक हा खास कच्चा मालही मोजक्याच ठिकाणी बनतो आणि बॅटऱ्यांसाठीही त्याला मागणी वाढत होती. या सगळ्यातून इलेक्ट्रोडचा भाव वर्ष-दीड वर्षात चौपट-पाचपट झाला.

गंमत बघा. मी इंडक्शन भट्ट्यांच्या गावाशेजारी राहणारा. माझ्या दुकानातल्या एकाही सळईला इलेक्ट्रोडचा स्पर्श झाला नसेल. आणि 'पोलादाचा माणूस' म्हणून मी इलेक्ट्रोडचा शेअर घ्यायला निघालो होतो.

ऑगस्टमध्ये कंपनीचे जून तिमाहीचे निकाल आले. शेअरचा भाव ९५० च्या घरात होता. मागच्या चार तिमाहींचा प्रति शेअर नफा १०० रुपये, म्हणजे पीई साडेनऊ. पण एकट्या जून तिमाहीचाच नफा ४८ होता. मी त्याला चाराने गुणलं, १९२. नऊशे पन्नासला १९२ ने भागलं की पाच. पाच वर्षांत पैसे वसूल! बँकेची मुदत ठेव तेव्हा सात टक्क्यांच्या आसपास देत होती, तिचे पैसे वसूल व्हायला चौदा वर्षं लागली असती. हा हिशोब मी बिलबुकाच्या मागच्या बाजूला केला होता. तो कागद अजून आहे.

२० ऑगस्ट २०१८ ला ६० शेअर घेतले. ५७,००० रुपये.

ही गुणाकाराची चूक इतकी सहज होते की तिच्यावर जरा थांबतो. पीई हा भागाकार आहे. वर आजचा भाव, खाली नफा. वरचा भाव बाजार रोज ठरवतो आणि तो पुढची काही वर्षं डोळ्यांसमोर ठेवून ठरवतो. खालचा नफा मात्र होऊन गेलेल्या वर्षाचा. ज्या धंद्याचा नफा दरसाल थोडाथोडा वाढतो, तिथे मागचं वर्ष पुढच्याची बऱ्यापैकी कल्पना देतं. ज्या धंद्यात नफा दहा-दहा वर्षांनी एकदा उसळतो आणि बाकी काळ जमिनीला टेकलेला असतो, तिथे तेजीचं वर्ष खाली ठेवलं की भागाकार हमखास छोटा येतो. शेअर स्वस्त असो वा महाग, तो येणारच.

त्या साली पावसाने दगा दिला. दिवाळीला जालना जिल्ह्यात दुष्काळाचंच बोलणं होतं, दुकानात सळईला गिऱ्हाईक नव्हतं. भाऊबीजेला मामांकडे गेलो. मामांची मोसंबीची बाग आहे, साडेतीन एकर. शेअर एव्हाना थोडा खाली आला होता, तरी मी जोरात होतो. कंपनी पाच वर्षांच्या नफ्यातच मिळतेय, असं मी त्यांना सांगितलं.

मामा सुपारी कातरत होते. म्हणाले, "२०१२ च्या दुष्काळात आपल्या शिवारातल्या बागा वाळल्या, ध्यानात हाय ना? ज्याच्या विहिरीत पानी टिकलं त्याच्या मालाला मग भाव लागला. त्या साली मला कुणी म्हनलं असतं, की यंदाच्या उत्पन्नाच्या पाचपट घे अन् बाग माझ्या नावानं कर, तर म्या त्याला सातबारा बी दिला असता अन् वरून पेढे."

"कामून? बाग तर चांगली होती की."

"बाग चांगलीच व्हती. भाव त्या सालाचा व्हता. तो बघून जो तो मोसंबी लावनार. चार-पाच सालांनी समद्यांची फळं एकदाच बाजारात. मंग?"

मी हसून सोडून दिलं. मामांना शेअरबाजारातलं काय कळतं, असं मनात आलं होतं, हे कबूल करतो.

जानेवारी २०१९ मध्ये भाव ७०० वर उतरला. मधल्या काळात सप्टेंबर तिमाहीचा नफा जूनपेक्षाही जास्त आला होता आणि चार तिमाहींची बेरीज १६० वर गेली होती. पीई ४.४. भाव उतरतोय, नफा वाढतोय, मग शेअर आणखी स्वस्त झाला, असंच मला दिसलं. एका उधारीवाल्याचे अडकलेले पैसे नेमके तेव्हाच आले. १४ जानेवारीला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, आणखी ६० घेतले. ४२,००० रुपये. एकूण ९९,०००.

खरं तर बाजार त्या वेळी ओरडून सांगत होता. हजारो लोक, त्यात पूर्णवेळ हेच काम करणारे फंडवाले, १६० रुपये कमावणारा शेअर ७०० ला विकायला तयार होते. त्यांना भागाकार येत नव्हता असं नाही. हे १६० टिकणार नाहीत, असं त्यांचं मत त्या भावात लिहिलेलं होतं. कमी पीई दिसला की बाजार चुकला असं आपण धरतो. बाजार चुकतोही. पण त्याआधी नफ्याबद्दल त्याला कोणती शंका आहे हे निदान शोधायला हवं, आणि मी ते केलं नव्हतं.

मे २०१९ मध्ये वर्षाचे निकाल आले. पूर्ण वर्षाचा प्रति शेअर नफा १७०. भाव ४००. पीई अडीचच्याही खाली. जानेवारी ते मार्च या शेवटच्या तिमाहीचा नफा मात्र जेमतेम २० होता. माझा 'गुणिले चार' इथे लावला तर वर्षाचे ८० येत होते. तेव्हा मी तो लावला नाही. चांगल्या तिमाहीला चाराने गुणायचं आणि वाईट तिमाहीला 'तात्पुरती' म्हणायचं, असं माझं चाललं होतं.

रात्री झोप उडायला लागली. घरी फक्त बायकोला माहीत होतं, तीही रक्कम अर्धीच. तिला पूर्ण आकडा कळला तो आणखी वर्षभराने, आयकर विवरणपत्राच्या वेळी. त्याची वेगळी कथा आहे, ती इथे नको.

जुलैमध्ये वार्षिक अहवाल आला आणि तो मी पहिल्यांदा नीट वाचला. जालन्याच्या एका मिलमध्ये हिशोब बघणारा माझा मित्र आहे, त्याला रविवारी घरी बोलावलं. त्याने आधी नफ्याकडे बघितलंच नाही. विक्रीच्या शंभर रुपयांत किती उरतात ते काढलं. त्या वर्षी व्याज, घसारा आणि कर जाण्याआधी ७० च्या जवळ उरत होते. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "अरे, आमच्या मिलला शंभरात चार-पाच सुटले तरी मालक खूश असतो. वस्तू बनवून शंभरात सत्तर सुटत असतील, तर जगातला प्रत्येक जण तीच वस्तू बनवायला धावणार नाही का?" मामा मोसंबीबद्दल हेच म्हणाले होते. चीनमधले इलेक्ट्रोडवाले आपली क्षमता वाढवत होतेच.

मग आम्ही वहीत एका टनाचा ढोबळ हिशोब मांडला. मंदीच्या काळात इलेक्ट्रोडचा टन पावणेदोन लाखाला विकला जायचा आणि बनवायला एक लाख साठ हजार लागायचे. उरले पंधरा हजार. तेजीत विक्री आठ लाख. नीडल कोक महागला होता, पण आधीच्या भावाने घेतलेला साठा हाताशी होता, म्हणून खर्च दोन लाख ऐंशी हजार धरला. उरले पाच लाख वीस हजार. भाव साडेचारपट, नफा जवळपास पस्तीसपट. आता उतार. भाव तीन लाखावर आला समजा, म्हणजे जुन्या भावाच्या अजूनही पावणेदोन पट. पण आता गोदामातला नीडल कोक तेजीच्या भावाने घेतलेला आहे, बनवायला तीन लाख वीस हजार लागतात. टनामागे वीस हजार तोटा. मालाचा भाव जुन्यापेक्षा कितीतरी वर असतानाच कंपनी तोट्यात जाऊ शकते, हे मला त्या रविवारी चार ओळींत दिसलं. अहवालात मालसाठ्याचा आकडा आदल्या वर्षाच्या दुपटीहून मोठा झालेला होता. सहा महिन्यांपूर्वी नुसता तो शोधला असता तरी चाललं असतं. तो ताळेबंदात चालू मालमत्तेखाली मिळतो, आणि त्याच्यासमोरच्या टिपेत कच्चा माल किती, तयार माल किती, हे वेगळं दिलेलं असतं.

मला आणखी एक कोडं पडलं होतं. भाव एवढा चढला तरी पोलादवाल्यांनी तो मुकाट्याने का दिला? मित्राने टनाला दोन किलोचाच हिशोब घातला. जुन्या भावाने टनभर पोलादामागे इलेक्ट्रोडचा खर्च साडेतीनशे रुपये, तेजीत सोळाशे. पोलादाचा टन तेव्हा ३५-४० हजाराला जायचा. सोळाशेसाठी भट्टी कोण बंद ठेवेल? उलट 'मिळणार नाही' या भीतीने त्यांनी गरजेपेक्षा जास्त इलेक्ट्रोड भरून ठेवले. आम्ही दुकानदारही भाववाढीच्या बातमीनंतर सळई भरून ठेवतोच. म्हणजे तेजीतल्या विक्रीतली काही विक्री पुढच्या वर्षाचीच होती. २०१९ मध्ये ते भरलेले साठेच वापरले जाऊ लागले, युरोपातलं पोलाद उत्पादनही घटलं, आणि भाव पडला तरी खप वाढेना. टनाला दोन किलोच लागतात, स्वस्त झाले म्हणून कुणी तीन जाळत नाही.

त्याच रात्री मी आधी करायला हवं होतं ते काम केलं. जुने वार्षिक अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट असतात. दर वर्षीचा प्रति शेअर नफा वहीत उतरवला, दीड तास लागला. तेजीच्या आधीच्या दहा वर्षांची सरासरी ९ रुपये निघाली. मी दिलेल्या ९५० ला नऊने भागलं तर पीई १०५. हे फार कडक वाटलं, म्हणून तेजीची दोन्ही वर्षं धरून शेवटच्या दहा वर्षांची सरासरी काढली. २९. पीई ३३. मी पाचच्या भावात घेतला असं समजत होतो, तो शेअर सरासरी नफ्याच्या तेहतीसपट भावाने घेतला होता.

आणखी एक उलटी गोष्ट त्या वहीत सापडली. २०१७ च्या सुरुवातीला, तेजी यायच्या आधी, हाच शेअर शंभराच्या आसपास मिळत होता. तेव्हा नफा इतका कमी होता की पीई पंचवीसच्या वर दिसायचा. 'पीई दहापेक्षा कमी' अशी चाळणी लावणाऱ्या माणसाला तो घ्यायच्या वेळी दिसलाच नसता, आणि विकायच्या वेळी यादीत सगळ्यात वर दिसला असता. मी तीच चाळणी लावली होती.

सरासरीचा हिशोब सोन्याचा नाही, हेही लिहायला हवं. दहा वर्षांत कंपनीने कारखाना वाढवला असेल तर जुना नफा आजच्या कंपनीला लहान पडतो. म्हणून मी आता सरासरी नफ्याऐवजी विक्रीतल्या नफ्याच्या टक्क्याची सरासरी काढतो आणि ती मंदी ना तेजी अशा वर्षाच्या विक्रीला लावतो. पुस्तकी मूल्याशी, म्हणजे कंपनीच्या मालमत्तेतून देणी वजा करून शेअरमागे जे उरतं त्याच्याशी, ताडून बघणंही मदतीचं आहे. हा शेअर मंदीत पुस्तकी मूल्याच्या आसपास मिळायचा, मी घेतला तेव्हा पाच-सहापट होता. तेही डोळे मिटून नको, कारण तेजीतला नफा पुस्तकी मूल्यात जमा होतो आणि ते फुगतं. शिवाय या वहीने तेजी कधी संपेल ते कळत नाही. सरासरी बघणारा माणूस हा शेअर ४०० वरच विकून बसला असता आणि त्याने तो हजारावर गेलेला बघितला असता.

तरीही मी जुलैमध्ये विकला नाही. भाव तीनशेच्या जवळ होता, 'आता आणखी कुठे जाणार' हा विचार. फेब्रुवारी २०२० मध्ये डिसेंबर तिमाहीचे निकाल आले आणि त्यात तोटा होता. कारण तेच, वहीतल्या चौथ्या ओळीतलं. महागात घेतलेल्या साठ्याचं मूल्य बाजारभावापर्यंत उतरवून लिहावं लागलं होतं. दुसऱ्या दिवशी १२० चे १२० शेअर ३०० ला विकले. ३६,००० आले, दलाली आणि डीमॅटचे किरकोळ पैसे कापून. लाभांश मधल्या काळात साडेचार हजार मिळाला होता, त्या वर्षापर्यंत तो आपल्या हातात करमुक्त असायचा. मार्चअखेर संपलेल्या वर्षाचा प्रति शेअर नफा पुढे जाहीर झाला, २ रुपये. मी विकलेल्या भावाला पीई १५०. मार्चमध्ये कोरोनाने सगळा बाजार कोसळला, त्यातून मी वाचलो तो निव्वळ योगायोगाने.

आता कागदपत्रांचा भाग. दोन्ही खरेद्यांना वर्ष उलटून गेलं होतं, त्यामुळे ६३,००० हा दीर्घकालीन भांडवली तोटा झाला. तो धंद्याच्या नफ्यातून वजा होत नाही, अल्पकालीन भांडवली नफ्यातूनही नाही, फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्यातून होतो. वापरला गेला नाही तर पुढची आठ आकारणी वर्षं ओढता येतो, पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीतच भरावं लागतं. मी दरवर्षी चार नंबरचा 'सुगम' फॉर्म भरायचो. त्यात तेव्हा भांडवली नफा-तोट्याला जागाच नव्हती. धंदा आणि शेअर दोन्ही असतील तर तीन नंबरचा लागायचा, तो कितीतरी लांबलचक आहे. माझ्या सीएने त्याचे दुप्पट पैसे घेतले, आणि काम बघता ते वाजवी होते. ब्रोकरच्या साइटवरून 'टॅक्स पी अँड एल' उतरवून दिलं तर त्यांचं काम निम्मं होतं. त्या वर्षी कोरोनामुळे मुदत वाढत वाढत १० जानेवारी २०२१ पर्यंत गेली. मी ७ तारखेला भरलं. पुढे ओढायच्या तोट्याच्या सीएफएल नावाच्या तक्त्यात ६३,००० दिसतायत ना, ते स्वतः बघून घेतलं. तुम्हीही बघा, पावतीच्या पहिल्या पानावर ते कळत नाही.

२०२१-२२ मध्ये दुसऱ्या एका शेअरमध्ये ४१,००० दीर्घकालीन नफा झाला. तेव्हा वर्षाला एक लाखापर्यंतच्या अशा नफ्यावर कर नव्हता, म्हणून जुना तोटा शाबूत राहील असं मी धरलं होतं. सीए म्हणाले, तसं होत नाही. जुना तोटा आधी वजा होतो, करमाफीची मर्यादा त्यानंतर बघतात. ज्या ४१,००० वर एक पैसाही कर लागणार नव्हता, त्यांच्यात माझा ४१,००० चा तोटा विरून गेला. उरलेले २२,००० आकारणी वर्ष २०२८-२९ पर्यंत चालतील.

मे २०२२ मध्ये भाचा दुकानात आला होता. मोबाईलवर एका पोलाद कंपनीचा शेअर दाखवत म्हणाला, "मामा, पीई चार!" सरकारने त्याच आठवड्यात पोलादाच्या निर्यातीवर पंधरा टक्के शुल्क लावलं होतं. मी त्याला काही बोललो नाही. गल्ल्याखालून वही काढली, कोरं पान उघडलं आणि त्याला त्या कंपनीचे दहा वर्षांचे अहवाल उतरवून घ्यायला सांगितलं. दोन अहवाल झाल्यावर त्याला गाडी धुवायला जायचं आठवलं.